पुस्तकातला जांभळा, मनगटावरचा काळा

मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे वैद्य नाडी बघतात, तिथली कातडी पातळ आणि मऊ असते. लायकेन प्लॅनसची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. आधी नुसती खाज येते आणि घड्याळाचा पट्टा टोचतोय असं वाटून आपण घड्याळ दुसऱ्या हातात घालतो. मग काही दिवसांत दोन-तीन मिलिमीटरचे चार-पाच उंचवटे दिसू लागतात. पुटकुळीसारखे ते टोकदार नसतात, त्यात पाणी नसतं की पू नसतो. त्यांचा माथा सपाट असतो, कडा गोल नसून कोनाकोनांच्या असतात आणि हात तिरका धरला तर माथ्यावर उजेड चकाकतो. खाज मात्र उंचवट्यांच्या आकाराला अजिबात न शोभणारी, रात्री झोपमोड करणारी.

त्वचारोगाच्या कुठल्याही जुन्या पाठ्यपुस्तकात या आजाराचं वर्णन एका रंगाने सुरू होतं. तो रंग म्हणजे जांभळा. आमच्या पिढीने वैद्यकीय महाविद्यालयात ते इंग्रजी ‘पी’ अक्षराने सुरू होणाऱ्या विशेषणांच्या यादीसकट पाठ केलं: सपाट, जांभळे, बहुकोनी, खाजरे उंचवटे. पुस्तकातल्या फोटोत गोऱ्या मनगटावर जांभळट-गुलाबी ठिपके स्पष्ट दिसायचे. मग ओपीडीत पहिला रुग्ण यायचा, आणि त्याच्या गव्हाळ मनगटावर जांभळं काहीच नसायचं. असायचे ते काळपट, करडे, फार तर वांगी रंगाची झाक असलेले ठिपके. आजार तोच. रंग कुठे गेला, हे समजायला कातडीच्या आत जावं लागतं.

या आजाराला लायकेन प्लॅनस हे नाव 1869 मध्ये लंडनच्या इरॅस्मस विल्सन यांनी दिलं. पुढे 1895 मध्ये पॅरिसच्या लुई विकहॅम यांनी त्या सपाट माथ्यांवरच्या बारीक पांढऱ्या रेघांचं वर्णन केलं. त्या रेघांना आजही ‘विकहॅमच्या रेघा’ म्हणतात. या डॉक्टरांसमोरचे रुग्ण युरोपातले होते, त्यामुळे त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. अडचण पुढे झाली. दीडशे वर्षं तेच वर्णन आणि त्याच कातडीचे फोटो जगभर शिकवले गेले. लंडनमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हेच खटकलं. 2020 मध्ये त्याने दोन शिक्षकांसोबत ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली. काळ्या आणि तपकिरी कातडीवर आजारांच्या खुणा कशा दिसतात, हे दाखवणं एवढाच तिचा हेतू. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना रोज हीच कातडी दिसते, त्यामुळे त्यांचा डोळा तयार होतो. पण रुग्ण पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी मेडिकलच्या दुकानात जातो, शेजारणीला दाखवतो, मोबाइलवर फोटो शोधतो. मोबाइलवरच्या फोटोंत अजूनही गोरी मनगटंच जास्त सापडतात.

आपल्या कातडीचा वरचा थर अनेक पदरी असतो. त्याचा सर्वांत खालचा पदर म्हणजे पायाच्या पेशींची एक रांग. याच रांगेत रंग बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. लायकेन प्लॅनसमध्ये शरीराच्याच पांढऱ्या पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणारे लिम्फोसाइट्स, या पायाच्या रांगेवर चालून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वरच्या थराला खालून चिकटून त्यांचा जाड पट्टा दिसतो. तो इतका सरळ असतो की एकदा पाहिलेला विद्यार्थी तो विसरत नाही. ही फौज नेमकी कशामुळे बिथरते याचं उत्तर बहुतेक रुग्णांत सापडत नाही. तो जंतू नाही, बुरशी नाही, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एकाच टॉवेलने, एकाच ताटाने काही होत नाही. साधारण तिशी ते साठी या वयात तो जास्त दिसतो.

आता रंगाकडे येऊ. पायाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातलं मेलॅनिन सुटं होतं आणि खाली, कातडीच्या आतल्या थरात सांडतं. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाही. मग त्या ते पोटात घेऊन महिनोन्‌महिने तिथेच बसून राहतात. मेलॅनिन मुळात तपकिरी, तरी खोलवर गेलं की वरून ते करडं-निळसर दिसतं. आजीच्या हातावरचं गोंदण आठवा. सुईने आत घातली जायची ती काळी काजळी, पण वर्षानुवर्षं दिसतं ते हिरवट-निळं. प्रकाशातला निळा भाग वरच्या थरांतून विखरून परत येतो, बाकीचा आत शोषला जातो. लायकेन प्लॅनसच्या डागाची करडी झाकही याच कारणाने येते.

गोऱ्या कातडीत मुळात मेलॅनिन कमी, त्यामुळे सांडणारंही कमी. तिथे दिसते ती मुख्यतः खालच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांची लाली. तिला सांडलेल्या रंगाची थोडी झाक मिळाली की पुस्तकातला जांभळा तयार होतो. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत लाली असतेच, पण वरच्या मेलॅनिनच्या पडद्याआड ती झाकली जाते, आणि सांडलेला रंग कितीतरी जास्त असतो. म्हणून गव्हाळ मनगटावर उंचवटे वांगी किंवा गडद तपकिरी दिसतात, सावळ्या मनगटावर करडे-काळे, आणि फार काळ्या कातडीवर तर आजूबाजूच्या कातडीपेक्षा जेमतेम गडद. दुसरी गोष्ट म्हणजे उंचवटा बसल्यानंतर मागे राहणारा डाग. गोऱ्या माणसाचा तो लवकर फिका होतो, आपला महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं राहतो. हा डाग आजाराचा शिल्लक भाग नाही, आजार होऊन गेल्याची खूण आहे. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांचा सगळ्यात मोठा गोंधळ नेमका इथे होतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

रंगावर भरवसा ठेवता येत नाही म्हटल्यावर ओळखायचं कसं? सोरायसिस गोऱ्या कातडीवर लाल दिसतो, तोही आपल्याकडे जांभळट किंवा करडा दिसू शकतो. त्यामुळे ‘जांभळं आहे म्हणजे लायकेन प्लॅनस’ हा आडाखाही फसवतो. मग डॉक्टर आकाराकडे, माथ्याकडे आणि जागेकडे बघतात. खिडकीपाशी हात नेऊन उजेड बाजूने पडेल असा धरला की सपाट माथे चकाकतात. सोरायसिसवर सहसा पांढरे पापुद्रे सुटतात. गजकर्णाला, म्हणजे नायट्याला, कडेने वाढत जाणारं कडं असतं आणि आतला भाग निवळलेला असतो. खरजेत बोटांच्या बेचक्यांत पुळ्या येतात आणि घरातल्या आणखी कुणालातरी खाज सुटलेली असते. लायकेन प्लॅनसचा आणखी एक विचित्र स्वभाव म्हणजे एवढी खाज असूनही नखांचे ओरखडे क्वचितच दिसतात. ही माणसं खाजवण्यापेक्षा चोळतात, तळहाताने, टॉवेलने, साडीच्या पदराने.

मग तेलाची एक युक्ती आहे. उंचवट्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि भिंगातून पाहायचं. कातडीचा वरचा कोरडा पापुद्रा उजेड विखुरतो, तेलाने तो पारदर्शक होतो आणि खालच्या विकहॅमच्या रेघा उमटतात. कोळ्याच्या जाळ्याइतक्या बारीक, पांढुरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. जिथे वरच्या थरातला दाणेदार पदर जाड झालेला असतो तिथे त्या दिसतात. आता बहुतेक दवाखान्यांत डर्मोस्कोप असतो आणि तेलाचं काम त्याचा प्रकाश करतो. सावळ्या कातडीवर या रेघा कधी पांढऱ्या, कधी निळसर-पांढऱ्या दिसतात, आणि मागची कातडी गडद असल्यामुळे त्या उलट जास्त उठून दिसतात. एवढ्या एका बाबतीत तरी सावळी कातडी डॉक्टरांना मदत करते!

जागेचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. घासली गेलेली किंवा ओरखडलेली कातडी हा आजार आपल्याकडे ओढून घेते. त्वचाशास्त्रात या घटनेला कोबनर या जर्मन डॉक्टरांचं नाव आहे. म्हणून लांब ओरखडा उमटला तर काही दिवसांनी त्याच ओळीत उंचवट्यांची रांग उभी राहते. घड्याळाचा पट्टा, काचेच्या बांगड्या, मनगटाला बांधलेला दोरा, पैंजण, सँडलचा पट्टा हे सगळे याच ओळीतले. आणि आपल्याकडची खास जागा म्हणजे कंबर. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी करकचून बांधल्यामुळे तिथे कातडी काळी पडलेली असतेच. लायकेन प्लॅनस आला की त्या वळाच्या ओळीतही तो उगवतो, आणि बाई समजते की नाडी काचली. अशा रुग्णांना मी रुंद पट्ट्याचा परकर वापरायला सांगतो. बांगड्या काढा असं सांगणं सोपं आहे, पण ते ऐकलं जाणार नाही हे माहीत असतं. म्हणून खाज असेपर्यंत काचेऐवजी सैल, गुळगुळीत कडं चालेल असं सांगतो.

अशा कितीतरी जणी ओपीडीत येतात. त्या सगळ्यांची मिळून एक बाई समजू. वय पंचेचाळिसाच्या आसपास, तालुक्याच्या गावी खानावळ चालवणारी. आषाढात दोन्ही मनगटांना खाज सुटली. आधी वाटलं, भांड्यांच्या पावडरीने झालं असेल. मग उंचवटे आले. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “नायटा दिसतोय, मला झाला होता.” मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार गोष्टी एकत्र असतात: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड. चार दिवसांत खाज गेली, ट्यूब थांबवली, पंधरा दिवसांत दुपटीने परत आली. हे चक्र तिने दिवाळीपर्यंत फिरवलं. खरंच नायटा असता तर स्टेरॉइडने बुरशी आणखी पसरली असती. इथे लायकेन प्लॅनसला स्टेरॉइड लागू पडत होतं, पण अर्धवट, कधी लावलं कधी नाही, आणि कधी थांबायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तोवर घोट्यांवरही जाड पट्टे उठले होते.

ती आली तेव्हा तिची तक्रार खाजेची नव्हतीच. ती म्हणाली, “डॉक्टर, खाज परवडली, पण हे काळं घालवा. गिऱ्हाईक हाताकडे बघतं.” खानावळीत वाढणाऱ्या बाईच्या हातावर काळे डाग असले की लोकांच्या मनात काय येतं, हे मी लिहायला नको.

तपासताना पहिलं काम बोटाचं. डोळे मिटून डागावरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो का? मनगटावर तिच्या पंचवीसेक खुणा होत्या. त्यांतल्या निम्म्याअधिक अगदी सपाट, बोटाला न जाणवणाऱ्या आणि खाज नसलेल्या. म्हणजे त्या जागी आजार संपलेला होता. उरलेल्या उंच होत्या, खाजत होत्या, त्यांवर रेघा दिसत होत्या. रंगाने मात्र दोन्ही सारख्याच काळ्या. तिने आजवर मलम सगळ्यांना सारखंच लावलं होतं, उलट सपाट काळ्या डागांना जास्त, कारण तेच गिऱ्हाइकाला दिसत. त्यामुळे तीन-चार ठिकाणी डागाभोवती कातडी पांढुरकी आणि पातळ झाली होती, आतल्या शिरा दिसू लागल्या होत्या. सपाट डागातलं मेलॅनिन सफाई पेशींच्या पोटात अडकलेलं असतं, स्टेरॉइड त्याला हातही लावू शकत नाही. ते फक्त चालून आलेल्या लिम्फोसाइट्सना मागे हटवतं. फौज निघून गेलेल्या जागी ते लावत राहणं म्हणजे निव्वळ तोटा.

दुसरं काम तोंड उघडून बघण्याचं. ती म्हणाली, “तोंडाला काय झालंय? आजार तर हाताला आहे.” पण गालाच्या आत, दाढांसमोर, पांढरी लेस विणल्यासारखी जाळी होती. दुखत नव्हती, फक्त ठेचा खाल्ला की चुरचुरायचं, आणि ते ठेच्याच्या माथी मारलं जायचं. त्वचेचा लायकेन प्लॅनस असलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडात तो असतो, आणि तोंडातला त्वचेपेक्षा जास्त चिवट असतो, वर्षानुवर्षं राहतो. नुसती पांढरी जाळी असेल तर औषध लागत नाही. लाल, सोललेली जागा किंवा व्रण असेल तर लागतं. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडात येणारे पांढरे चट्टे वेगळे असतात आणि ते कर्करोगाकडे जाण्याचा धोका जास्त असतो. म्हणून जाळी ठळक नसेल, चट्टा जाड किंवा एकाच बाजूला असेल, तर तुकडा काढून तपासावाच लागतो. तोंडातल्या लायकेन प्लॅनसचं कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याच्या आसपास सांगितलं जातं. तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नाही, पण मिश्री मात्र सोडायची. ही बाई मिश्री लावत होती.

नखांवर उभ्या रेघा आहेत का, नख पातळ झालंय का, डोक्यावर कुठे केस जाऊन गुळगुळीत टक्कल पडलंय का, हेही पाहिलं. टाळूवरचा लायकेन प्लॅनस केसांची मुळंच मारतो आणि ते केस परत येत नाहीत, म्हणून तिथे उशीर चालत नाही. तिला तो नव्हता. मग गोळ्यांची चौकशी. काही औषधांनी हुबेहूब असेच चट्टे उठतात: रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या, हिवतापावरची काही औषधं, क्षयरोगाची काही औषधं. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या आघाडीवर हिवताप टाळायला मेपाक्रिन घेणाऱ्या सैनिकांत असेच चट्टे दिसले आणि औषधाचा हा गुण डॉक्टरांच्या लक्षात आला. गोळी सुरू झाल्यावर चट्टे उठायला कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे रुग्णाला दोन्हींचा संबंध सुचतच नाही. अशी शंका आली तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारून बदलायची. आपली बाई फक्त थायरॉइडची गोळी घेत होती, तिचा यात हात नव्हता. हेपटायटिस सीशी या आजाराचा संबंध इटली, जपान अशा देशांत ठळक आढळला, भारतात तो तेवढा ठळक दिसत नाही. तरीही तिच्या तोंडात जाळी होती म्हणून एकदा रक्त तपासलं. ते ठीक निघालं.

मनगटाची गोष्ट स्पष्ट होती, पण घोट्यावरच्या जाड पट्ट्यांसाठी तुकडा तपासायचं ठरलं. बायोप्सी म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून सांगतो. जागा बधिर करायची सुई टोचते तेवढंच दुखतं. चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने छोटासा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि तुकडा फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेत जातो. अहवालात आतल्या थरात रंग सांडल्याचं लिहून आलं की बायका विचारतात, “म्हणजे रंगाचा कॅन्सर?” नाही. पायाच्या पेशी मेल्या आणि मेलॅनिन खाली उतरलं, एवढाच त्याचा अर्थ.

मनगटावरच्या उंच ठिपक्यांना क्लोबेटासोल 0.05 टक्क्यांचं मलम दिलं, दिवसातून दोनदा, फक्त उंचवट्यावर आणि फक्त उंचवट्याएवढंच. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तिच्या दोन्ही मनगटांना त्याच्या पावभागही पुरणार होता. ती आजवर यापेक्षा कितीतरी जास्त थापत होती. तीन आठवडे दोनदा, मग रोज एकदा, मग आठवड्यातून दोन दिवस, आणि उंचवटा बोटाला लागेनासा झाला की बंद. रात्रीच्या खाजेसाठी गोळी. दुसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली, दीड महिन्यात मनगट सपाट झालं.

आणि मग ती वैतागून परत आली. “औषधाने उलट काळं केलं!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच सांगून ठेवतो. उंचवटा असताना त्याची चमक आणि सूज रंगाला थोडं झाकते. तो बसला की खालचा करडा डाग उघडा पडतो. औषधाने काळं केलेलं नसतं, काळं आधीपासून तिथेच असतं. हा डाग एक्झिमाच्या किंवा मुरुमाच्या डागापेक्षा चिवट असतो, कारण तो खोल असतो. रंग उजळवणारी मलमं वरच्या थरातल्या मेलॅनिनवर काम करतात, इतक्या खोल त्यांची मजल फारशी जात नाही. उलट कडक मलमाने कातडी चिडली, आग झाली, तर तेवढ्यानेही नवा काळेपणा येतो. लिंबू, टूथपेस्ट, दगडाने घासणं यांबद्दल तर बोलायलाच नको. उन्हात जाणाऱ्या भागाला झाकणं किंवा सनस्क्रीन लावणं, चोळणं थांबवणं आणि वाट पाहणं, याहून उपयोगाचं फारसं काही नाही. मी रुग्णांना महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, फोनचं सौंदर्य फिल्टर बंद करून फोटो काढायला सांगतो. फोनचा कॅमेरा आपणहून चेहरा आणि हात उजळ करतो, त्यामुळे कधी डाग गेला असं वाटतं आणि कधी नुसत्या प्रकाशाच्या फरकाने तो वाढला असं वाटतं.

याच काळेपणाचा एक सवतासुभा आहे. त्यात उंचवटे येतच नाहीत किंवा क्वचित येतात, चेहरा, मान, काख अशा ठिकाणी करडे-काळे डाग हळूहळू पसरतात. दिल्लीच्या एम्समधल्या भूतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये त्याला ‘लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस’ हे नाव दिलं. भारतीय कातडीत तो बराच दिसतो, आणि वांग समजून महिनोन्‌महिने भलतीच क्रीम लावली जातात. मोहरीचं तेल, आवळ्याचं तेल, केसांचा काळा रंग यांच्याशी त्याचा संबंध असू शकतो, म्हणून आधी ती यादी तपासतात. मनगट-घोट्याच्या आजाराचाच हा भाऊ, पण त्याला औषधं फार कमी जुमानतात.

मनगटाचा आजार बहुतेकांचा वर्ष-दीड वर्षात आपोआप ओसरतो. घोट्याचा तसा नसतो. नडगीवर आणि घोट्यांवर तो जाड होतो, चामखिळीसारखा खडबडीत, जवळजवळ काळा, आणि खाज सर्वांत जास्त तिथेच. पायांत रक्त साचतं, मोज्याचा काठ आणि चपलेचा पट्टा घासतो, दुसऱ्या पायाच्या टाचेने नकळत चोळलं जातं, आणि कातडी आणखी जाड होते. मलम एवढ्या जाड थरातून आत शिरत नाही. म्हणून तिच्या घोट्यांना ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचं इंजेक्शन थेट पट्ट्याच्या आत दिलं, सेंटिमीटरभर अंतरावर एकेक थेंब, महिन्यातून एकदा, तीनदा. यातही धोका आहे. सुई जास्त खोल गेली किंवा मात्रा जास्त झाली तर तिथे खड्डा पडतो आणि कातडी पांढरी होते, आणि सावळ्या पायावर पांढरा डाग काळ्यापेक्षा जास्त खुपतो. मलम लावून वरून प्लास्टिक गुंडाळणं हा दुसरा मार्ग, रात्रीपुरता, तोही मुदत ठरवूनच. शरीरभर पसरलेल्या आजाराला स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स, अतिनील किरणांची फोटोथेरपी, अ‍ॅसिट्रेटिनसारखी औषधं असतात. त्यातल्या अ‍ॅसिट्रेटिनने गर्भाला व्यंग येतं आणि ते थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देतच नाहीत.

तिसऱ्या इंजेक्शननंतर तिच्या उजव्या घोट्याचा पट्टा बसला. डावीकडचा अर्धाच बसला. तिथे एक कोपरा सारखा सोलत होता, खपली धरत होता आणि परत फुटत होता. वर्षानुवर्षं जाड राहिलेल्या अशा पट्ट्यात क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो. म्हणून न भरणारी, रक्त येणारी किंवा अचानक गाठीसारखी वर येणारी जागा मलमावर ढकलत नाहीत. त्या कोपऱ्याचा वेगळा तुकडा काढला. अहवाल साधा आला, नुसती चोळण्याची जखम होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. चुलीपाशी पाट घेऊन बसताना डावा पाय मुडपून त्यावर बसायची तिची सवय होती. आता ती स्टुलावर बसते. तो कोपरा भरायला दोन महिने लागले.